230 रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला

जून 2025 च्या 11 तारखेला संध्याकाळी आमच्या कराडच्या गल्लीतला एक मुलगा मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे आला. वय अठ्ठावीस-एकोणतीस. मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान चालवतो. त्याच्या दुचाकीचा हप्ता त्या महिन्यात दोनदा परत गेला होता आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वसुलीवाल्याचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. "काका, मी पैसे तीन तारखेलाच भरले होते. हप्त्यापेक्षा जास्त भरले होते. मग परत कसा गेला?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीच काउंटरवर. हा प्रश्न मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकला असेन, आणि घाईच्या वेळी "बॅलन्स कमी होता" एवढं सांगून माणसाला वाटेला लावलंही आहे. या वेळी वेळ होता, म्हणून त्याच्या खात्याचा उतारा एप्रिलपासून ओळीने वाचला.

खातं एका खासगी बँकेतलं. तो पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला होता तेव्हा कंपनीने सगळ्यांची मिळून उघडलेली पगाराची खाती, त्यांतलं एक. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, म्हणून त्याने कधी तिकडे पाहिलं नाही. दुचाकीचं कर्ज त्याच काळात घेतलं आणि हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याची परवानगी, याच खात्यावर दिलं. दर महिन्याच्या 5 तारखेला 4,275 रुपये. डिसेंबर 2024 मध्ये नोकरी सोडून तो गावी आला. दुकानाचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात येतात. या जुन्या खात्याचं काम एकच उरलं, तीन तारखेला यूपीआयने हप्त्यापुरते पैसे टाकायचे आणि पाच तारखेला ते कापून जायचे.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पगाराचं खातं पगार येतोय तोवरच पगाराचं असतं. साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही, की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. खाते क्रमांक तोच, कार्ड तेच, ॲप तेच. बदलतो तो फक्त खात्याचा प्रकार, आणि त्याच्याबरोबर किमान शिल्लकेची अट येते. याचं खातं एप्रिलमध्ये बदललं. तसं कळवणारं पत्र बहुधा ईमेलवर गेलं असणार, कारण खाते उघडण्याच्या फॉर्मवर कंपनीचा ईमेल होता आणि तो नोकरी सोडल्याच्या दिवशीच बंद झाला होता.

नव्या प्रकारात सरासरी मासिक शिल्लक 10,000 रुपये लागत होती. कमी पडली तर दंड, कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के किंवा 500 रुपये, यांत जे कमी असेल ते, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी.

सरासरी म्हणजे काय, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं, कारण "मी तर साडेचार हजार ठेवतो" असं तो मनापासून म्हणत होता. बँक रोज रात्रीची शिल्लक घेते, महिन्याच्या सगळ्या दिवसांची बेरीज करते आणि दिवसांनी भागते. मे महिन्यात पहिले दोन दिवस खात्यात 310 रुपये होते. तीन तारखेला त्याने 4,300 टाकले, म्हणून तीन आणि चार तारखेला 4,610. पाचला हप्ता गेला आणि उरलेले 27 दिवस खात्यात 335 रुपये होते. बेरीज 18,885. भागिले 31. सरासरी आली 609 रुपये. साडेचार हजार खात्यात होते ते दोनच रात्री. दहा हजारांत 9,391 कमी पडले, त्याचे 6 टक्के 563 होतात, म्हणून 500 ची मर्यादा लागू झाली. वर 90 रुपये जीएसटी. एकूण 590.

आता जूनचे दिवस पाहू. 3 तारखेला, मंगळवारी, त्याने नेहमीप्रमाणे 4,300 टाकले. आधीचे 335 धरून 4,635 झाले. हप्त्याहून 360 जास्त. बुधवारी 4 तारखेच्या रात्री उताऱ्यावर `AMB CHG MAY25`, म्हणजे मे महिन्याच्या सरासरी शिल्लकेचं शुल्क, अशी ओळ आली आणि 590 गेले. उरले 4,045. गुरुवारी सकाळी नॅचमधून, म्हणजे बँकांमधले हप्ते आपोआप वळते करणाऱ्या यंत्रणेतून, 4,275 ची मागणी आली. 230 रुपये कमी. नॅचमध्ये थोडी रक्कम कापून घेणं हा प्रकार नसतो. पूर्ण रक्कम असेल तर पूर्ण जाते, नाहीतर मागणी जशीच्या तशी परत जाते.

रात्री दंड आणि सकाळी हप्ता हा क्रम योगायोगाचा नाही. बँकेत शुल्कवसुलीची कामं सहसा रात्रीच्या दिवसअखेर प्रक्रियेत एकगठ्ठा चालतात. मागच्या महिन्याची सरासरी महिना संपल्यावरच काढता येते, म्हणून हा दंड पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडतो. आणि पगार एक तारखेच्या आसपास होतात म्हणून बहुतेकांचे हप्तेही 2 ते 7 तारखेच्या दरम्यान असतात. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन आदळतात. त्यात 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं. पूर्वी हप्त्याची तारीख सुट्टीवर आली की एखादा दिवस हाती मिळायचा, तो आता मिळत नाही.

हप्ता परत गेल्यावर याने जे केलं ते कुणीही केलं असतं. गुरुवारी अकराच्या सुमाराला संदेश वाचला, ॲपमध्ये शिल्लक पाहिली, 4,045. लगेच 250 टाकले. 4,295 झाले. हप्ता भरून वीस रुपये उरतात, म्हणून तो निश्चिंत झाला. पण त्याच रात्री बँकेने हप्ता परत गेल्याचं शुल्क घेतलं, 450 अधिक जीएसटी, म्हणजे 531. उरले 3,764. हे शुल्क दुपारी ॲपमध्ये दिसत नव्हतं, कारण तेही रात्रीच्याच प्रक्रियेत पडतं. कर्ज कंपनीने 10 तारखेला पुन्हा मागणी लावली. या वेळी 511 रुपये कमी. पुन्हा परत, पुन्हा 531. शिल्लक 3,233.

कर्ज कंपनीचं शुल्क प्रत्येक वेळी 500. म्हणजे 590, दोनदा 531 आणि दोनदा 500 मिळून 2,652 रुपये. कमी पडले होते 230.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतो तो मधला टप्पा. एकदा हप्ता परत गेला की त्याच खात्यात नेमकी तूट भरून भागत नाही, परतीचं शुल्कही त्यात धरावं लागतं. आणि हे त्या क्षणी कुणी सांगत नाही. संदेशात लिहिलेलं असतं फक्त की शिल्लक अपुरी. "पुढच्या वेळेसाठी एवढे ठेवा" अशी एक ओळ त्यात टाकणं बँकेला अवघड नाही, आणि या मुलाचे 1,031 रुपये तेवढ्याने वाचले असते.

त्या संध्याकाळी पहिलं काम हप्ता भरण्याचं होतं, तक्रारीचं नाही. मी त्याला खात्यात पैसे टाकू दिले नाहीत. कर्ज कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या खात्याचं यूपीआय वापरून 4,275 थेट भरायला लावले, पावतीचा क्रमांक लिहून घेतला, आणि मग कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवलं की जूनचा हप्ता भरला आहे, तिसऱ्यांदा मागणी लावू नका. हे कळवलं नाही तर मागणी आधीच रांगेत असते आणि हप्ता दोनदा जाऊ शकतो, किंवा तिसऱ्यांदा परत जाऊन अजून 1,031 रुपयांचा फटका बसतो.

थेट भरण्यामागे दुसरंही कारण होतं. जानेवारी 2025 पासून कर्ज देणाऱ्या संस्थांना पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे लोक ज्याला सरसकट सिबिल म्हणतात तिकडे, पंधरवड्याला माहिती पाठवावी लागत होती, 15 तारखेची आणि महिनाअखेरची. थकबाकी किती दिवसांची आहे हे त्या तारखेला मोजलं जातं. पाचचा हप्ता अकराला भरला तर पंधरा तारखेच्या चित्रात तो थकलेला दिसत नाही. सोळाला भरला असता तर दिसला असता. म्हणून आधी पावती हातात घ्यायची आणि मग दंडावरून भांडायचं, या क्रमाबद्दल मी आग्रही होतो.

वसुलीवाल्याने फोनवर "कलम 25 खाली केस होईल, तुरुंगात जाल" असंही म्हटलं होतं आणि मुलाची झोप त्याने उडाली होती. कलम खरं आहे. पेमेंट आणि सेटलमेंट सिस्टम्स कायदा, 2007 च्या कलम 25 प्रमाणे अपुऱ्या शिलकीमुळे असा इलेक्ट्रॉनिक व्यवहार परत जाणं हा गुन्हा ठरू शकतो, चेक न वटल्यासारखाच. पण त्यासाठी हप्ता परत गेल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे न भरल्यासच खटला उभा राहतो. फोनवरची धमकी ही नोटीस नव्हे, आणि इथे तर पैसे भरूनही झाले होते.

मग दंडाकडे वळलो. दंड घेण्याचा बँकेला अधिकार आहे का, तर आहे. पण कसा घ्यायचा याला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक 1 एप्रिल 2015 पासून लागू होतं. शिल्लक कमी पडली तर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसं स्पष्ट कळवायचं, शिल्लक पूर्ववत करायला कळवल्या तारखेपासून किमान एक महिना द्यायचा, आणि त्यानंतरच दंड घ्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

हे समोर ठेवून प्रश्न एकच उरतो, सूचना कोणत्या तारखेला आली? मुलगा म्हणाला, आलीच नाही. मी म्हटलं, बघू. त्याचा मोबाइल घेऊन बँकेच्या नावाने संदेश शोधले. कर्जाच्या ऑफर, कार्डच्या ऑफर, दिवाळीच्या शुभेच्छा, ओटीपी, असे दोनशेच्या वर संदेश, सगळे न वाचलेले. अंगठ्याने वर सरकवत सरकवत मे महिन्यावर आलो. 9 मे, दुपारी 3 वाजून 12 मिनिटं. इंग्रजीत दोन ओळी, की एप्रिलमध्ये तुमची सरासरी शिल्लक आवश्यकतेपेक्षा कमी होती, शुल्क टाळण्यासाठी ती राखा. वर आणि खाली गृहकर्जाच्या जाहिराती. त्याचा चेहरा पडला, कारण त्याला वाटलं चूक आता पुरती आपलीच ठरली. उलट माझं काम त्या संदेशानेच सोपं केलं. सूचना 9 मे, दंड 4 जून. मध्ये 26 दिवस. महिना झालेला नव्हता.

अशा प्रकरणात लोक शाखेत जाऊन "माझे पैसे कापले" म्हणून भांडतात आणि समोरचा कर्मचारी शुल्काचा तक्ता दाखवतो. तक्त्याशी भांडण नसतंच. भांडण तारखांचं असतं. म्हणून 12 जूनच्या अर्जात आम्ही तीनच गोष्टी लिहिल्या. तुटीची सूचना कधी मिळाली, दंड कधी घेतला आणि दंडाच्या नोंदीनंतर लगेच कोणता व्यवहार किती रकमेने परत गेला. खाली उताऱ्यातल्या त्या चार ओळी आणि संदेशाचा स्क्रीनशॉट. मागणीही नेमकी, 590 परत करा आणि त्या दंडामुळे लागलेली दोन्ही परतीची शुल्कं, 531 आणि 531, परत करा. शाखेच्या ईमेलवर पाठवून तक्रार क्रमांक घेतला.

पहिलं उत्तर आठ दिवसांनी आलं. शुल्क प्रणालीद्वारे नियमानुसार आकारलेलं आहे, एवढंच. सूचनेच्या तारखेबद्दल अवाक्षर नाही. तोच अर्ज आम्ही बँकेने तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ, म्हणजे नोडल अधिकाऱ्याकडे पाठवला, वर एक वाक्य जोडून, की 9 मे ते 4 जून हे 26 दिवस होतात, याबद्दल खुलासा द्यावा. 27 जूनला 1,121 रुपये जमा झाले, म्हणजे दंड आणि पहिली परत. दुसऱ्या परतीबद्दल बँक म्हणाली की त्या दिवशी ग्राहकाने पुरेशी शिल्लक ठेवली नव्हती. त्यावर आम्ही हिशेब पाठवला. दंड आणि पहिलं परतीचं शुल्क घेतलं नसतं तर 10 तारखेला खात्यात 4,885 रुपये असते आणि हप्ता गेला असता. मुळात पहिल्यांदाच गेला असता. 9 जुलैला उरलेले 531 जमा झाले. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर मिळालं नसतं किंवा समाधान झालं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता आली असती. अर्जाचे कागद त्यासाठी तयार ठेवले होते, गरज पडली नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बँकेने हाच दंड 10 जूनच्या रात्री घेतला असता तर आमच्याकडे हक्काने मागण्यासारखं काही नव्हतं. दंड आधी की हप्ता आधी, यावर परिपत्रक बोलत नाही. खातं उणे झालं नाही, म्हणून तो नियमही मोडला नव्हता. मला स्वतःला हे अपुरं वाटतं. मँडेट बँकेकडेच नोंदवलेलं असतं, दर महिन्याला त्याच सुमाराला तीच रक्कम जाते हे तिच्या नोंदींत आहे. दोन दिवस दंड थांबवला तर बँकेचं काही जात नाही. ग्राहकाचा मात्र पत-इतिहास पणाला लागतो.

जुलैसाठी वेगळी तयारी करावी लागली. मँडेट दुसऱ्या खात्यावर हलवायचं ठरलं, पण नवं मँडेट नोंदून मंजूर व्हायला वेळ जातो आणि 5 जुलैचा हप्ता जुन्याच खात्यातून जाणार होता. त्याच्या मनात होतं की तीन तारखेपर्यंत खातं रिकामं ठेवायचं, म्हणजे दंड घ्यायला काही राहणार नाही. हा समज फार पसरलेला आहे. वसूल न झालेलं शुल्क बँक खात्यावर येणं म्हणून नोंदवून ठेवते आणि पैसे जमा झाले की आधी ते घेते. हप्त्यासाठी टाकलेले पैसेच मग त्यात जातात. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक या दोन आकड्यांत फरक दिसत असेल, तर अशी रक्कम रोखून ठेवली असण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून आम्ही जूनचा दंड किती होईल ते आधीच मोजून काढलं. या वेळी तो घेण्याचा बँकेला पूर्ण अधिकार होता, महिना उलटून गेला होता. जूनची सरासरी 3,351 रुपये 57 पैसे आली, कारण परत गेलेल्या हप्त्याचे पैसे महिनाभर खात्यातच पडून होते. तुटीचे 6 टक्के 398 रुपये 91 पैसे, जीएसटीसह 470 रुपये 71 पैसे. खात्यात 4,354 होते. 3 जुलैला त्याने 1,200 टाकले. चारच्या रात्री 470.71 गेले, पाचला, शनिवारी, हप्ता गेला आणि 808 रुपये 29 पैसे उरले.

मूलभूत बचत खात्याचा पर्यायही त्याच्यापुढे ठेवला होता. त्याला किमान शिल्लक लागत नाही, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं विनाशुल्क असतं, आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं असू नये एवढी अट आहे. त्याने ते नको म्हटलं. दुकानाचं खातं एका सरकारी बँकेत होतंच, आणि 2025 च्या उन्हाळ्यात बऱ्याच सरकारी बँकांनी किमान शिल्लकेचा दंड काढून टाकला, त्यांत ती होती. नवं मँडेट तिथे दिलं. ते सुरू झाल्याचा संदेश 14 जुलैला आला, तो त्याने या वेळी लगेच वाचला, आणि त्यानंतरच जुनं खातं बंद करायला अर्ज दिला. उलट क्रमाने केलं असतं तर ऑगस्टचा हप्ता बंद खात्यावर जाऊन परत आला असता.

कर्ज कंपनीने दुसऱ्या परतीचे 500 माफ केले. पहिल्या परतीचे 500 माफ झाले नाहीत. त्यांच्या दृष्टीने मागणी वेळेवर लावली आणि पैसे मिळाले नाहीत, बँकेने दंड चुकीच्या दिवशी घेतला याच्याशी त्यांचा संबंध नाही. हे 500 बँकेने भरून द्यावेत असं मी त्याला लोकपालाकडे मागायला सुचवलं होतं. तो म्हणाला, "राहू दे काका, पावसाळा सुरू झालाय, दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग पडलाय." ते पैसे गेले ते गेलेच.